ज्योत नको तिथे दिवा: बॅटरीच्या मेणबत्त्या घेताना सेल, थरथर आणि हिशोब

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, घरी ऑक्सिजनचं यंत्र लागलं. दिवाळी महिन्यावर आली होती. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने पहिलीच सूचना दिली की यंत्रापासून आणि आप्पांपासून तीन मीटरच्या आत ज्योत नको. उदबत्ती नको, निरांजन नको, मेणबत्ती तर नकोच. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो अंथरुणात, कपड्यांत, केसांत मुरून राहतो आणि मग साधी ठिणगीसुद्धा कापड भराभर पेटवते. यंत्र बंद केलं म्हणून लगेच दिवा लावता येत नाही, कारण अंगावरचा ऑक्सिजन उडून जायला वेळ लागतो.

आमच्या फ्लॅटमध्ये आप्पांच्या पलंगापासून तीन मीटर मोजले की त्यांची खिडकी आणि गॅलरीचं दार दोन्ही त्यात येतात. देवघर पलीकडच्या खोलीत असल्याने तिथली समई तशीच राहिली. पण आप्पांना पलंगावरून जे दिवे दिसायचे ते सगळे बॅटरीवर न्यावे लागले. मी ते हातात येतील तसे घेतले आणि पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे चुकीचे घेतले. नंतर नवऱ्याचा वीज मोजायचा मल्टिमीटर घेऊन बसले, वापरलेले सेल मोजले, दिवे उघडून पाहिले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी सेल बघा, मग दिवा

दुकानात आपण दिवा उलटा करून बघत नाही. बघायला हवा, कारण दिवा किती दिवस टिकणार आणि किती खर्च लावणार हे खालच्या झाकणामागे ठरलेलं असतं.

सेलमध्ये किती वीज मावते ते मिलिअँपिअर-तासात मोजतात. दिवा किती मिलिअँपिअर खातो हे कळलं की भागाकार करायचा आणि तास काढायचे. बटणाएवढा नाण्यासारखा सेल, ज्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, तो २२०च्या आसपास असतो. त्याहून लहान आणि जाडसर एलआर ४४, जो खेळण्यांत असतो, तो शंभर ते दीडशे. रिमोटचा बारीक पेन्सिल सेल अल्कलाइन असेल तर हजाराच्या वर. भिंतीवरच्या घड्याळातला जाड पेन्सिल सेल, अल्कलाइनच, दोन ते अडीच हजार.

मी आणलेल्या टी-लाइटने, म्हणजे छोट्या बुटक्या मेणबत्तीसारख्या दिव्याने, नवा सीआर २०३२ घातल्यावर ७ मिलिअँपिअर घेतले. २२० भागिले ७ म्हणजे साधारण ३१ तास. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात दिवा ३१ तास सारखाच पेटून मग विझत नाही. अशा स्वस्त दिव्यात वीज नियंत्रित करणारा भाग बहुधा नसतोच. सेलच्या आतला अडथळा जेवढी वीज देऊ देईल तेवढ्यावर एलईडी पेटतो. सेल वापरला जाईल तसा तो अडथळा वाढतो आणि प्रकाश पहिल्या दिवसापासूनच हळूहळू उतरतो. वसुबारसेला लावलेले आमचे दिवे लक्ष्मीपूजनाला फिकट झाले होते. त्यानंतर ते आणखी चार दिवस ‘चालू’ होते, पण काजव्यासारखे. पाकिटावर लिहिलेल्या शंभर-शंभर तासांत हे मिणमिणणं धरलेलं असतं.

हाच दिवा दोन जाड अल्कलाइन सेलवर चालला तर अडीच हजार भागिले सात, म्हणजे साडेतीनशे तास. आता किंमत बघा. एक सीआर २०३२ मला ३० रुपयांना पडला, जाड अल्कलाइन सेल ३५ ला. दोन जाड सेल, सत्तर रुपये, यांच्याइतकी वीज बटण सेलमधून काढायची तर अकरा सेल लागतील, म्हणजे ३३० रुपये. बटण सेलमधली वीज जवळजवळ पाचपट महाग. तो वापरतात तो फक्त दिवा लहान ठेवता यावा म्हणून.

किराणा दुकानात मिळणारा दहा-पंधरा रुपयांचा साधा झिंक-कार्बन सेल घड्याळाला उत्तम. मेणबत्तीतही चालतो, पण त्याची क्षमता अल्कलाइनच्या निम्म्याहून कमी असते आणि तो गळतो लवकर, कारण त्याचं जस्ताचं बाहेरचं भांडंच वीज देताना झिजत जातं.

पुन्हा चार्ज होणारे सेल: कुठे फायदा, कुठे नाही

मला वाटलं होतं की चार्जिंगचे सेल घेतले की प्रश्न मिटला. तिथे एक अडचण आहे, जी दुकानदार सांगत नाही. साधा सेल दीड व्होल्टचा, दोन मिळून तीन. चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल सव्वा व्होल्टच्या आसपास, दोन मिळून अडीचला कमीच. पिवळ्या रंगाच्या एलईडीला दोन व्होल्ट पुरतात, त्यामुळे त्यात हे सेल छान चालतात. पण उबदार पांढरा प्रकाश देणारा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर लेप असतो, आणि निळ्या एलईडीला तीनच्या जवळपास व्होल्ट लागतात. त्यामुळे चांगल्या रंगाची मेणबत्ती या सेलवर मंद पेटते. काही महागड्या मेणबत्त्यांत व्होल्टेज वाढवणारी चिप असते, त्यांना फरक पडत नाही. माहितीपत्रकात फक्त अल्कलाइन वापरा असं लिहिलं असेल तर ती चिप नाही असं समजा. आता दीड व्होल्ट कायम राखणारे लिथियमचे चार्जिंग सेलही मिळतात. ते शेवटपर्यंत एकसारखा प्रकाश देतात आणि मग एका क्षणात बंद पडतात. त्यांची किंमत जास्त आहे.

पण हे सगळं करायचं का, हे वापरावर ठरतं. आप्पांच्या खोलीतला एक दिवा रोज संध्याकाळी पाच तास असतो. तो १५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला ७५. अडीच हजाराचे सेल महिनाभर जातात, वर्षाला अकरा जोड्या, ७७० रुपये. त्याऐवजी मी १८० ला एक असे दोन चार्जिंग सेल आणि ७०० चा चार्जर घेतला. दीड वर्षाच्या आत पैसे वसूल झाले.

दिवाळीतल्या दिव्यांना मात्र चार्जिंग सेल घेऊन काही उपयोग नाही. पाच संध्याकाळी, रोज चार तास, म्हणजे २० तास. १५ मिलिअँपिअरने ३०० संपतात. अल्कलाइन सेल अजून आठातले सात हिस्से भरलेला असतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते सेल काढून घड्याळात, रिमोटमध्ये, टॉर्चमध्ये घाला. दिवाळीचा सेलचा खर्च मग जवळजवळ उरतच नाही.

रिमोटवाली मेणबत्ती माळ्यावर का मरते

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. रिमोटवर चालणाऱ्या तीन मेणबत्त्या मी दिवाळीनंतर रिमोटनेच बंद करून डब्यात ठेवल्या. पुढच्या वर्षी उघडल्या तर तिन्ही बंद, आत पांढरी भुकटी, स्प्रिंग हिरवी पडलेली.

रिमोटने बंद केलेली मेणबत्ती पूर्ण बंद नसते. रिमोटच्या किरणांची वाट पाहणारा डोळा जागाच असतो. मी नंतर मोजलं तेव्हा तो अर्धा मिलिअँपिअर घेत होता. ऐकायला नगण्य, पण चोवीस तासांत बारा होतात आणि अडीच हजाराचा सेल सात महिन्यांत रिकामा. रिकामा झालेला अल्कलाइन सेल तसाच जोडलेला राहिला की आत वायू साठतो, सील फाटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं क्षारीय द्रावण बाहेर येतं. तेच वाळून ती भुकटी होते.

म्हणून घेताना तळाला वेगळी सरकती कळ आहे का ते बघा. वापर संपला की ती कळ बंद करायची आणि ठेवणीत टाकताना सेल काढायचेच. नवा आणि जुना सेल एकत्र घालायचा नाही, कारण ताजा सेल जुन्यातून वीज ढकलत राहतो आणि जुना आधी गळतो. भुकटी दिसलीच तर हातमोजे घालून कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्यायचा आणि पुसायचं. आम्लाने क्षार मरतो, थोडं फसफसतं. मग ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळवायचं. तीनपैकी दोन मेणबत्त्या अशा परत चालू झाल्या. तिसरीची पट्टी गंजून तुटली होती.

ज्योत खरी कशाने वाटते

आता डोळ्यांचा प्रश्न. आप्पांनी पहिल्या दिवशीचे दिवे बघून विचारलं, “हे असे डोळे का मिचकावतायत?” त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

समई लावून दारं बंद करा आणि पाच मिनिटं बघत बसा. ज्योत जवळजवळ स्थिर असते. मधूनच कुणी बाजूने गेलं तर ती वाकते, सावरते, वात लांब झाली असेल तर थोडी फडफडते. बहुतेक वेळ शांत आणि अधूनमधून थरथर असा तिचा स्वभाव. स्वस्त एलईडीच्या आतच एक बारीकशी चिप बसवलेली असते आणि ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा उजेडाची पातळी बदलते. बदल वरवर बेशिस्त वाटतो, पण त्याला विश्रांती नसते. कधी उजेड एकदम जवळजवळ शून्यावर जातो. खरी ज्योत शून्यावर गेली तर ती विझलेली असते, त्यामुळे मनाला हे लगेच खोटं वाटतं.

दुकानात पारख करायची तर दिव्याकडे बघू नका, तो हाताच्या ओंजळीत किंवा भिंतीजवळ धरा आणि पडलेल्या उजेडाकडे बघा. दहा सेकंदांत उजेड किती वेळा दचकतो ते मोजा. दोन-तीनदा हलका उतरला तर दिवा चांगला. सतत कापत असेल तर तो संध्याकाळभर खोलीत सहन होणार नाही, विशेषतः पडून असणाऱ्या माणसाला.

दुसरी गोष्ट सावलीची, आणि ती मला फार आवडते. खरी ज्योत जागा बदलते, म्हणून तिच्यामागे ठेवलेल्या गणपतीची सावली भिंतीवर डुलते. एलईडी जागचा हलत नाही. तो कमी-जास्त झाला तर सावली फक्त फिकट-गडद होते, डुलत नाही. खोटेपणा इथे कळतो. यावर दोन उपाय निघाले आहेत. एकात ज्योतीच्या आकाराच्या आवरणात दोन-तीन एलईडी थोड्या अंतरावर असतात आणि आळीपाळीने उजळतात, त्यामुळे सावली किंचित सरकते. दुसऱ्यात ज्योतीच्या आकाराची प्लॅस्टिकची पातळ पाकळी तारेवर टांगलेली असते. तिच्या खालच्या टोकाला चुंबक असतं, तळाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्यातली वीज कमी-जास्त होऊन पाकळी लंबकासारखी झुलवते. खालून-बाजूने एलईडीचा झोत तिच्यावर पडतो. ही युक्ती डिस्नेच्या अभियंत्यांनी त्यांच्या थीम पार्कसाठी शोधली आणि पेटंट घेतलं. मग ती ल्युमिनारा नावाने मेणबत्त्यांत आली आणि आता तिच्यासारख्या अनेक मिळतात. पाकळी झुलताना बघून आप्पांनी खात्री करायला हात पुढे केला होता.

या प्रकाराला सेल जास्त लागतात, कारण वेटोळंही वीज खातं, आणि पाकळी नाजूक असते. मेणबत्ती आडवी करून पाठवली-ठेवली की तार अडकते आणि ज्योत ताठ उभी राहते. अशी अडकली तर काडीने अलगद हलवून मोकळी होते.

रंगाचंही थोडं. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये सांगतात, आकडा कमी तितका उजेड तांबूस-पिवळा. मेणबत्तीच्या ज्योतीचा रंग १९०० केल्व्हिनच्या आसपास असतो. उबदार पांढरा एलईडी बहुधा २७०० चा, म्हणजे थोडा गोरा. साधा पिवळा एलईडी लांबून ज्योतीसारखा भासतो, पण त्यात दुसरे रंग नसतातच. त्याच्या उजेडात तुळशीचं पान धरा, हिरवं न दिसता राखाडी-काळं दिसेल. रांगोळीचे रंगही मरतात. रांगोळीभोवती ठेवायचे असतील तर उबदार पांढरेच घ्या. पाकिटावर २२०० किंवा कमी केल्व्हिन लिहिलेलं मिळालं तर त्याहून चांगलं.

मग पैसे कुठे घालायचे

या सगळ्यातून माझा एक नियम झाला. जिथे ज्योत स्वतः दिसणार आहे तिथे ज्योतीवर खर्च करायचा. जिथे नुसता उजेड दिसणार आहे तिथे साधा दिवा चालतो. आकाशकंदिलात, दुधी काचेच्या हंडीत, कागदी पिशवीत ठेवलेला स्वस्त दिवाही सुंदर दिसतो, कारण कागद उजेड पसरवतो आणि दचकणं मऊ करतो. उघड्या पणतीत ठेवलेला तोच दिवा प्लॅस्टिकचा दिसतो.

आमचे गॅलरी-खिडकीत मिळून २४ दिवे असतात. मेणाच्या टी-लाइटचा हिशोब असा: एक सुमारे चार तास जळते, म्हणजे रोज नव्या २४, पाच दिवसांत १२०. पाच रुपयांनी ६०० झाले. तेलाच्या पणत्या त्याहून स्वस्त. आमच्या वातीला तासाला तीन-चार मिली तेल लागायचं, म्हणजे पाच दिवसांत पावणेदोन लिटरच्या आसपास, अडीचशे रुपये. मातीच्या पणत्या धुऊन पुढच्या वर्षी येतातच. म्हणजे पैसे वाचवायला कुणी बॅटरीकडे येत असेल तर मी सरळ सांगेन, तेलाची पणती हरणार नाही. बॅटरीचा दिवा पडद्याजवळ, जिन्यात, लहान मुलं पळतात तिथे, थर्माकोल-कापडाच्या मखरात आणि आमच्यासारख्या ऑक्सिजनच्या घरात घ्यायचा. एक टी-लाइट मेण जाळते तेव्हा चाळीसेक वॉट उष्णता सोडते. चोवीस मिळून हजार वॉटच्या आसपास, म्हणजे एका इस्त्रीएवढी. बंद खोलीत ती जाणवते, काजळी वेगळी.

बटण सेलचे २४ दिवे मला १८ रुपयांनी ४३२ ला मिळाले, आत सेलसकट. पुढच्या वर्षी सेल बदलायचे तर २४ गुणिले ३०, ७२० रुपये. दिव्यापेक्षा सेल महाग, म्हणून लोक दिवे फेकून नवे घेतात. तीन वर्षांत १२९६ रुपये आणि ७२ बटण सेल कचऱ्यात. हा प्रकार मला पटला नाही.

आता आमच्याकडे पुढचं आहे. आप्पांना पलंगावरून दिसणाऱ्या खिडकीत झुलत्या पाकळीच्या तीन मेणबत्त्या, मिळून १२०० रुपये. गॅलरीच्या कठड्यावर २४ पणत्यांची एकच माळ, ४५० रुपये. ती यूएसबीवर पॉवर बँकेतून चालते आणि सगळी मिळून सव्वा वॉट घेते. पाच दिवसांत पाव रुपयाचीही वीज होत नाही. त्या बटण सेलच्या दिव्यांतले बारा अजून चालतात, ते कागदी कंदिलात जातात. पहिल्या वर्षी १६५० आणि सहा सेलचे २१० लागले. पुढे दरवर्षी जवळजवळ काही नाही. वारंवार फेकण्याच्या तुलनेत पाच वर्षांत हे स्वस्त पडेल, तीन वर्षांत नाही.

पाण्याने पेटणाऱ्या पणत्या

यांच्याबद्दल बरेच जण विचारतात. पाण्याने वीज तयार होत नाही. आत बटण सेल असतो. पणतीच्या तळाला दोन धातूचे ठिपके असतात, पाणी पडलं की ते जोडले जातात, त्यांतून अगदी बारीक प्रवाह जातो आणि तो आतल्या चिपला दिवा लावायला सांगतो. म्हणजे पाणी ही फक्त कळ आहे. तेल घातलं तर पेटणार नाही, कारण तेलातून वीज जात नाही. बहुतेकांत सेल बदलता येत नाही, आणि पणती ओली राहिली की दिवा रात्रभर चालू राहून सेल संपतो. म्हणून वापर झाल्यावर पाणी ओतून ते दोन ठिपके फडक्याने कोरडे करायचे.

बटण सेल आणि लहान मूल

ज्योतीचा धोका टाळायला आपण हे घेतो, पण बटण सेलचा धोका वेगळा आणि तितकाच गंभीर आहे. मुलाने सीआर २०३२ गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. ओल्या त्वचेला चिकटून त्यातून वीज वाहते, तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत नळीला खोल जखम होऊ शकते. सेल संपलेला असला तरी त्यात तेवढी वीज शिल्लक असते. गिळल्याची शंका आली तरी उलटी काढायची नाही, काही खायला घालत थांबायचं नाही, एक्स-रे असलेल्या रुग्णालयात लगेच जायचं. घरात लहान मूल असेल तर ज्या दिव्याचं झाकण नखाने उघडतं तो घेऊच नका. स्क्रू असलेलं झाकण हवं.

संपलेल्या बटण सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून झाकणाच्या बरणीत, उंचावर ठेवायचे. पट्टी नसेल तर ते एकमेकांना लागून तापतात. आमच्याकडे अशी बरणी भरली की सोसायटीतल्या ई-कचऱ्याच्या पेटीत जाते, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.